आजी विचारेल, तू सांग: परदेशातल्या मुलांच्या मराठी ॲपसाठी टॅगलाइन कशी लिहावी

दारव्हा, मेहकर, कारंजा अशा तालुक्याच्या गावी राहून मजकूर लिहिणाऱ्यांकडे बहुतेक कामं ठरलेली असतात: कृषी केंद्राचं पत्रक, शिकवणी वर्गाचा फ्लेक्स, यात्रेची जाहिरात. आता अधूनमधून एक वेगळं काम येतं. आपल्याच भागातून अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात गेलेल्या कुणीतरी तिकडे वाढणाऱ्या मुलांना मराठी शिकवणारं ॲप काढलेलं असतं आणि त्याच्या नावाखाली छापायला एक ओळ हवी असते. नवीन माणसाला वाटतं की यासाठी पुण्या-मुंबईच्या जाहिरात कंपनीतलं शिक्षण हवं. खरं तर या कामात गावात असण्याचाच फायदा आहे. ते मूल मराठीत ज्यांच्याशी बोलणार, ती आजी आणि आबाजी आपल्या शेजारच्या घरात आहेत आणि त्यांचा फोन कसा चालतो ते आपण रोज ऐकतो.

पुढे एकच उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत घेतो. वाशीम जिल्ह्यातून टेक्सासला गेलेलं एक जोडपं, त्यांचं पाच ते नऊ वर्षांच्या मुलांसाठीचं ॲप, आणि त्याची टॅगलाइन. ॲपच्या नावात ‘मराठी’ हा शब्द आधीच होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती कामाला येते.

लिहायला बसण्याआधी ॲप स्वतः वापरा

मालकाला पहिला प्रश्न विचारायचा तो असा: पहिले तीन धडे संपले की मुलाला काय करता येतं? उत्तर ‘मराठी येतं’ असं आलं तर तिथे थांबू नका. ॲप आपल्या फोनवर घ्या आणि ते तीन धडे स्वतः पूर्ण करा. टॅगलाइन म्हणजे दिलेला शब्द असतो, आणि मूल तो पहिल्याच आठवड्यात पडताळून पाहतं. ओळीत गप्पांचं वचन आणि धड्यात फक्त फळांची नावं, असं झालं की मूल ॲप उघडणं बंद करतं. आईवडिलांना कारण सांगता येत नाही, पण आपण फसलो हे त्यांना कळतं.

वाशीमच्या जोडप्याच्या ॲपमध्ये नेमकं हेच होतं. पहिल्या भागात रंग, दुसऱ्यात प्राणी आणि फळं, आणि पुढे चौथ्या भागात ‘फोनवर बोलूया’ नावाचे छोटे संवाद. जेवलास का, शाळेत काय केलं, तिकडे थंडी आहे का, असे प्रश्न आवाजात यायचे आणि मुलाने बोलून उत्तर द्यायचं. संपूर्ण ॲपमध्ये सगळ्यात जिवंत भाग तोच होता आणि तो सगळ्यात मागे पडला होता. अशा वेळी मालकाला स्पष्ट सांगावं की टॅगलाइन या संवादांवरच बेतायची, पण मग ते पुढे आणावे लागतील. त्यांनी ते पहिल्या भागात आणले. टॅगलाइनचं काम नीट केलं की कधीकधी धड्यांचा क्रम बदलतो, आणि तसा आग्रह धरायला नवीन माणसाने कचरू नये.

दुसरा प्रश्न: ही ओळ कोण वाचणार? ॲप निवडते आई किंवा बाबा, वापरतं मूल. सहा वर्षांचं मूल देवनागरी वाचत नसतं, म्हणून ते ओळ ऐकतं. आई ती वाचते. एकच ओळ दोघांना लागू पडली तर उत्तम. ते जमलं नाही तर दोन ओळी लिहाव्यात, पण एकाच ओळीत दोघांना एकदम हाक मारू नये. ‘मुलांनो शिका, पालकांनो शिकवा’ यात दोघांनाही वाटतं की बोलणं दुसऱ्याशी चाललंय.

याच वेळी काही शब्द बाजूला काढून ठेवा. ‘मातृभाषा’ हा पहिला. परदेशातल्या कितीतरी घरांत आई तेलुगू किंवा गुजराती असते, कधी अमेरिकन असते, आणि मराठी बाबांकडून येते. त्या घराला हा शब्द लागू पडत नाही. ‘मराठी विसरू नका’ हेही टाळा. ज्या मुलाला ती अजून आलीच नाही त्याने विसरायचं काय? शिवाय त्यात आईवडिलांना दोष दिल्यासारखं होतं आणि ते पान पुढे सरकवतात. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला, तेव्हापासून ‘अभिजात’ शब्द ओळीत घालायची इच्छा अनेक मालकांना होते. महानुभावांचं रिद्धपूर आपल्या अमरावती जिल्ह्यातलं, तेव्हा तो अभिमान आपल्याला वेगळा सांगावा लागत नाही. तो मंडळाच्या २७ फेब्रुवारीच्या कार्यक्रमात शोभतो. सात वर्षांच्या पोराने ॲप उघडावं यासाठी त्याचा उपयोग नाही.

आधी ऐका

परदेशात वाढणाऱ्या मुलांची अडचण बहुतेक घरांत सारखी असते. मराठी त्यांना बऱ्यापैकी समजते. आई म्हणाली ‘दार लाव’ की दार लागतं. पण उत्तर इंग्रजीत येतं. म्हणजे कान तयार आहे आणि तोंड उघडत नाही. म्हणून ‘मराठी समजून घ्या’ ही ओळ या मुलांसाठी चुकीच्या जागी बोट ठेवते.

हे स्वतः ऐकायचं असेल तर शेजारच्या घरी परवानगी घेऊन फोनच्या वेळी बसा. टेक्सासशी बोलायचं तर आपल्याकडची रविवारची संध्याकाळ बरी पडते. उन्हाळ्यात आपल्याकडे साडेसात वाजले की तिकडे सकाळचे नऊ, हिवाळ्यात तिकडचं घड्याळ बदलतं तेव्हा आठ. सोयाबीनच्या सोंगणीत आजी उशिरा घरी येते तेव्हा वेळ पुढे सरकते आणि मग तिकडे मूल पोहण्याच्या क्लासला गेलेलं असतं. असे बारकावे टॅगलाइनमध्ये येत नाहीत, पण ज्याला ते माहीत असतात त्याची ओळ खरी उतरते.

वहीत दोन रकाने करा. डावीकडे आजीचे प्रश्न तिच्याच शब्दांत, उजवीकडे मुलाचं उत्तर. वाशीमच्या घरी डावीकडे असं उतरलं: ‘जेवली का वं?’, ‘काय करून राहिली?’, ‘थंडी हाय का तिकडं?’, ‘कवा येतं इकडं?’. उजवीकडे प्रत्येकापुढे ‘हो’, ‘येस’, ‘फाइन’, आणि शेवटी फोन आईच्या हातात. दोन-तीन घरी असं बसलं की दिसतं, आजीकडे प्रश्न पुष्कळ आहेत, प्रेम पुष्कळ आहे, आणि संभाषण दुसऱ्या वाक्याला तुटतं. टॅगलाइनने ज्या जागी हात द्यायचा ती जागा हीच.

क्रियापद निवडा

भाषेच्या ॲपची टॅगलाइन लिहिताना हाताला पहिलं क्रियापद येतं ‘शिका’. ते शाळेचं क्रियापद आहे, आणि ॲप तर शाळेनंतर उघडलं जातं. त्याऐवजी शिकल्यावर मूल जे करील ते क्रियापद घ्या: बोल, सांग, विचार, ऐकव, हसव. वहीतल्या उजव्या रकान्यात जे नव्हतं तेच इथे यावं.

आपल्या उदाहरणात पहिल्या बैठकीत लिहिलेल्या ओळी आणि त्या का गळल्या, ते क्रमाने पाहू.

‘मराठी शिका, संस्कृती जपा.’ ही कुठल्याही मराठी ॲपला, वर्गाला, मंडळाला चालेल. या ॲपमध्ये काय होतं हे तिच्यातून कळत नाही. जी ओळ शेजारच्या दुकानाच्या पाटीवरही बसते ती खोडायची.

‘खेळता खेळता मराठी.’ ऐकायला गोड आहे. पण ॲपमध्ये खेळ एकच होता, बाकी शब्द आणि संवाद. वचन खोटं ठरलं असतं.

‘आजीला गोष्ट सांग, मराठीत.’ इथे काम सुरू झालं. क्रियापद मुलाचं आहे आणि समोर ऐकणारी खरी माणूस आहे. अडचण एवढीच की गोष्ट सांगणं हे फार पुढचं पाऊल आहे. तीन धड्यांनंतर मूल गोष्ट सांगू शकत नाही, एका प्रश्नाचं उत्तर देऊ शकतं.

‘आजी विचारेल, तू सांग.’ हीच टिकली. वहीतले दोन्ही रकाने हिच्यात आहेत: डावीकडची आजी, उजवीकडचं मूल. ‘सांग’ हे लहान काम आहे. ‘भात जेवले’ एवढं सांगितलं तरी ते पुरं होतं. शिवाय विचारणं आणि सांगणं ही जोडी आपल्या कानाला ओळखीची आहे. गाडगेबाबांचं कीर्तन असंच चालायचं. ते वऱ्हाडीत श्रोत्यांना प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याकडूनच काढून घेत. प्रश्न आला की तोंड आपोआप उघडतं, हे त्यांना पुरतं माहीत होतं.

या ओळीत ‘मराठी’ हा शब्द नाही, आणि तो ॲपच्या नावात आहे म्हणूनच हे चालतं. ज्या ॲपचं नाव ‘किलबिल’सारखं काही असेल तिथे हीच ओळ अपुरी पडेल, कारण भाषा कुठली हेच कळणार नाही. टॅगलाइन कधीच एकटी वाचू नका. नाव वर लिहा, ओळ खाली लिहा आणि दोन्ही मिळून मोठ्याने वाचा.

तू की तुम्ही, आणि मुलगा की मुलगी

मुलाशी बोलताना ‘तू’. आपल्याकडे पाच वर्षांच्या लेकराला कुणी ‘तुम्ही’ म्हणत नाही, आणि ॲपने म्हटलं की तो बँकेचा संदेश वाटतो. पालकांशी बोलताना मात्र ‘तुम्ही’च. ‘बोलूया’ हे तिसरं रूप सोयीचं वाटतं, पण त्यात ॲप मुलासोबत बसणार असं सुचतं. ॲपमध्ये बोलणारं पात्र नसेल तर ते वापरू नये.

नवीन लिहिणारे अडखळतात ते लिंगावर. मराठीत वर्तमानकाळ आणि भूतकाळ मुलगा-मुलगी वेगळे करतात: बोलतोस, बोलतेस, शिकलास, शिकलीस. ‘तू मराठी बोलतोस!’ असं लिहिलं की निम्म्या घरांत ओळ दुसऱ्या कुणाला तरी उद्देशून होते. तिरकी रेघ मारून ‘बोलतोस/बोलतेस’ लिहिणं हा उपाय नाही, कारण ती ओळ तोंडाने म्हणताच येत नाही. वाट दुसरीकडून काढायची. आज्ञार्थ दोघांना सारखा: बोल, सांग, ऐक. भविष्यकाळही दोघांना सारखा: तू बोलशील, आजी विचारेल, आबाजी हसतील. तिसरी वाट म्हणजे ‘येते’ वापरून भाषेलाच कर्ता करणं: ‘मला मराठी येते’. यात बोलणारा मुलगा की मुलगी हा प्रश्न उरत नाही. ओळ लिहून झाली की एकदा मुलाच्या नावाने आणि एकदा मुलीच्या नावाने वाचायची. कुठे अडलं तर तिथलं क्रियापद बदलायचं.

आजी वऱ्हाडी बोलते, ॲप प्रमाण बोलतं

आपल्या भागातल्या मालकांना मोह होतो तो बोलीचा. ‘मले मराठी येते!’ ही ओळ वाशीमच्या जोडप्याला इतकी आवडली की त्यांना तीच हवी होती. ओळ खरंच सुंदर आहे, आणि ती वाचून विदर्भातून गेलेल्या कुठल्याही माणसाचा चेहरा खुलतो. पण ॲपच्या धड्यात सगळीकडे ‘मला’ होतं. मूल ओळीत एक ऐकणार आणि धड्यात दुसरं, आणि सहा वर्षांच्या मुलाला दोन्ही बरोबर आहेत हे सांगायला ॲपमध्ये कुणी नव्हतं. कोल्हापूरहून गेलेल्या आईला तर ती ओळ छपाईची चूक वाटली असती.

दुसरा प्रश्न याहून मोठा आहे. ॲप शिकवतं ‘काय करतेस?’ आणि खरी आजी विचारते ‘काय करून राहिली?’. मूल गोंधळतं, आणि ‘आजी विचारेल, तू सांग’ हे वचन तिथेच तुटतं. टॅगलाइन बदलून हे सुटत नाही. धड्यात आजीचा आवाज आणावा लागतो. म्हणून मालकांना सुचवलं की त्या पहिल्या भागातले प्रश्न गावच्या आज्यांकडून त्यांच्या बोलीत म्हणवून घ्या, आणि उत्तर मात्र मुलाने प्रमाण मराठीत दिलं तरी चालू द्या. आजीला ‘मला भूक लागली’ समजतंच. मुलाला फक्त ‘राहिली’ आणि ‘कवा’ हे कानावरून गेलेलं हवं. ध्वनिमुद्रण घरातल्या खोलीत, पंखा बंद करून, फोन तोंडापासून वीतभर लांब धरून झालं. आज्यांना लिहिलेलं वाचायला दिलं की त्या पुस्तकी बोलायला लागतात, म्हणून त्यांना नातवाचा फोटो दाखवून ‘याला विचारा’ एवढंच सांगायचं. आधी त्यांची आणि घरच्यांची संमती घ्यायची आणि आवाज कुठे वापरला जाणार ते समजावून सांगायचं.

ज्या ॲपमध्ये असा आवाज घालणं शक्य नाही तिथे ‘आजीची बोली’, ‘गावची भाषा’ असे शब्द टॅगलाइनमध्ये येऊ देऊ नयेत. ‘मले मराठी येते’ मात्र वाया जात नाही. विदर्भातल्या लोकांच्या स्नेहमेळाव्यात लावायच्या पोस्टरवर, टी-शर्टवर ती शोभते. तिथे ती शिकवण्यासाठी नसते, ओळख पटवण्यासाठी असते.

जागा मोजा

आता तांत्रिक भाग. तो थोडकाच आहे. ॲपलच्या स्टोअरमध्ये नावाला ३० अक्षरं आणि त्याखालच्या उपशीर्षकाला ३० अक्षरं मिळतात. गुगल प्लेमध्ये नावाला ३० आणि छोट्या वर्णनाला ८०. इथे ‘अक्षर’ म्हणजे आपण बाराखडीत मोजतो ते नाही. संगणक काना, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरातलं हलन्त चिन्ह ही सगळी वेगवेगळी मोजतो. पायथॉनमध्ये पाहा:

```python
len("मराठी")
len("आजीला गोष्ट सांग, मराठीत")
```

पहिल्याचं उत्तर ५ येतं, दुसऱ्याचं २४. डोळ्याला मात्र पहिल्यात तीन अक्षरं दिसतात आणि दुसऱ्यात जागा व स्वल्पविराम धरून पंधरा. म्हणून मराठी ओळ डोळ्याने छोटी वाटली तरी तीसच्या मर्यादेजवळ पटकन पोचते. ‘आजी विचारेल, तू सांग.’ ही पूर्णविरामासकट २१ भरते, म्हणजे ती दोन्हीकडे बसते. पायथॉन नसेल तर स्टोअरच्या चौकटीत ओळ टाकून बाजूचा आकडा पाहा, पण वहीवर मोजू नका.

ऐंशी अक्षरांच्या जागेत थोडं समजावून सांगता येतं. तिथे हे लिहिलं: ‘आजी फोनवर जे विचारते ते समजून, मराठीत उत्तर देण्याचा रोजचा दहा मिनिटांचा सराव.’ मोजलं तर ७८. दहा मिनिटं लिहिण्याआधी धडा घड्याळ लावून केला होता. ‘तीस दिवसांत अस्खलित मराठी’ असलं काही कधीच लिहू नये. ते सिद्ध करता येत नाही, आणि भाषा शिकवणाऱ्याने पहिलंच वाक्य खोटं बोलावं हे वाईट. स्टोअरचेही नियम आहेत: गुगल प्ले नावात ‘सर्वोत्तम’, ‘नंबर १’, ‘मोफत’ असे शब्द चालवून घेत नाही, आणि ॲपल आपल्या वर्णनात `For Kids` किंवा `For Children` हे शब्द फक्त मुलांच्या विभागात नोंदवलेल्या ॲपलाच वापरू देतं. मालकाने त्या विभागात नोंद केली आहे का हे विचारल्याशिवाय ते शब्द सुचवू नयेत.

एक गोष्ट नवीन माणसाच्या लक्षात येत नाही. परदेशातल्या आईच्या फोनची भाषा बहुतेक वेळा इंग्रजी असते, आणि स्टोअर तिला इंग्रजी मजकूर दाखवतं. शोधताना ती रोमन लिपीत `Learn Marathi` असं काहीतरी टाइप करते. म्हणजे आपली सुंदर देवनागरी ओळ उपशीर्षकात टाकली तर तिच्या शोधाला तिचा काही उपयोग नाही. इंग्रजी उपशीर्षक वेगळं लिहून घ्यावं, त्यात आईला काय मिळेल ते सरळ सांगावं, आणि नावात आलेला शब्द पुन्हा लिहून जागा घालवू नये. मराठी ओळीची खरी जागा म्हणजे स्टोअरमध्ये दिसणाऱ्या पहिल्या चित्रावर, ॲप उघडल्यावर येणाऱ्या पहिल्या पडद्यावर आवाजासकट, आणि तिकडच्या मंडळाच्या गणेशोत्सवात किंवा शनिवार-रविवारच्या मराठी शाळेत लावायच्या पोस्टरवर. तिथे मराठी वाचणारे आईवडील प्रत्यक्ष उभे असतात.

तिघांवर तपासा

तपासणीत ‘आवडली का?’ हा प्रश्न विचारू नये. आपल्याकडे माणसं भिडेखातर ‘छान आहे’ म्हणतात आणि काहीच कळत नाही. ओळ एकदा वाचून दाखवा, मग प्रत्येकाला वेगळा प्रश्न करा. मुलाला: यात तुला काय करायला सांगितलंय? आईला: हे ॲप काय करतं असं वाटतं? आजीला: यात तुम्ही कुठे आहात?

आपल्या उदाहरणात सात वर्षांच्या मुलीने ‘आजीला सांगायचं’ असं उत्तर दिलं, म्हणजे क्रियापद पोचलं. आजीने ‘मी पुसीन अन् ते सांगीन’ असं म्हटलं, म्हणजे तिने ओळ स्वतःच्या बोलीत आपसूक उतरवली; याहून चांगली पावती मिळत नाही. आईचं उत्तर मात्र ‘नातेवाइकांची ओळख करून देणारं ॲप का?’ असं आलं. कारण शोधलं तर तिला ओळ ॲपच्या नावाशिवाय वाचून दाखवली होती. नावासकट दाखवल्यावर शंका गेली. पण पोस्टरवर नाव लहान आणि ओळ मोठी छापली असती तर हीच चूक शेकडो लोकांनी केली असती. म्हणून मांडणी करणाऱ्याला लेखी कळवलं की नाव ओळीपेक्षा लहान नको.

तपासणीत आणखी एक गोष्ट पुढे आली. एका घरात आजी नव्हती, नुकतीच गेली होती. त्या आईने ओळ ऐकून विषय बदलला. अशी घरं असणारच, आणि एका ओळीत सगळी घरं मावत नाहीत. तरी ॲपच्या आत उपाय करता येतो. पहिल्या पडद्यावर ‘फोनवर कोण आहे?’ असं विचारून आजी, आबाजी, मामा, आत्या यांतलं एक निवडू द्यायचं, आणि तिथली ओळ त्याप्रमाणे बदलायची: ‘मामा विचारेल, तू सांग.’ आबाजी, आत्या यांना आदराने ‘विचारतील’ म्हणायचं की नाही हे त्या घरच्या रिवाजावर असतं. आपल्याकडे आजीला ‘तू’ आणि आबाजींना ‘तुम्ही’ म्हणणारी घरं पुष्कळ आहेत, म्हणून आबाजींसाठी ‘विचारतील’ ठेवलं.

गुगल प्लेमध्ये दोन वेगळे मजकूर वेगवेगळ्या लोकांना दाखवून तुलना करण्याची सोय आहे. ती वापरा, पण नव्या ॲपचं पान दिवसाला मोजकी माणसं पाहत असतील तर चार दिवसांतल्या फरकावर निर्णय घेऊ नका. एवढ्या थोड्या आकड्यांत वर-खाली नुसत्या योगायोगानेही होतं. अशा वेळी तिघांची उत्तरं जास्त भरवशाची.

छापायला देताना

तालुक्याच्या फ्लेक्सवाल्याकडे अजूनही श्रीलिपी किंवा तसल्या जुन्या फॉन्टवर काम चालतं. आपण फोनवर युनिकोडमध्ये लिहिलेली ओळ तिथे चिकटवली की चौकोन किंवा भलतीच चिन्हं दिसतात आणि मग तो ती पुन्हा टाइप करतो. त्यात ‘विचारेल’चं ‘विचारेला’ होऊ शकतं. त्याने टाइप केलेलं प्रत्येक अक्षर स्वतः वाचा. परदेशात छपाई होणार असेल तर प्रश्न वेगळा. तिकडच्या मांडणी करणाऱ्याच्या अडोबीमध्ये भारतीय लिप्यांसाठीचा वर्ल्ड-रेडी कंपोझर चालू नसेल तर ‘वि’ची वेलांटी व्यंजनाच्या मागे जाते आणि जोडाक्षरं सुटी होतात. मराठी न येणाऱ्याला ते दिसत नाही, म्हणून त्याला मजकूर पाठवू नका. अक्षरांच्या बाह्यरेषा करून घेतलेली पीडीएफ पाठवा आणि छापण्याआधी पडद्याचा फोटो मागवा.

मालकाला शेवटी जी फाइल द्यायची तीत हे असावं: मुख्य ओळ, तिचं संगणकाने मोजलेलं माप, ८० अक्षरांचं वर्णन, नातेवाईक बदलल्यावर होणारी ओळीची सगळी रूपं, ओळ म्हणून दाखवणाऱ्या आजीचं ध्वनिमुद्रण, आणि एक स्पष्ट सूचना: फोनवरचे संवाद पहिल्या भागातून हलवले, तर ही टॅगलाइन त्याच दिवशी काढून टाकावी.